शेजारचा कारखाना कोणाच्या नावावर?

मुंबईत एखाद्या सोसायटीला लागून औद्योगिक गाळे आहेत आणि त्यातल्या एका गाळ्यात पावडर कोटिंगचं काम चालतं, असं समजा. रात्री भट्टीचा वास घरात शिरतो. गाळ्यावर पाटी नाही आणि कामगारांना विचारलं तर ते फक्त ‘शेठ’ एवढंच सांगतात. तक्रार करायची, तर ती कोणाविरुद्ध? म्हणून रहिवासी महापालिकेच्या विभाग कार्यालयाला पत्र लिहितात: ‘आमच्या शेजारच्या कारखान्याचा परवाना कोणत्या कंपनीकडे आहे, ते कळवावे.’

या पत्राला बहुधा उत्तर येत नाही, आणि याला टाळाटाळ हे एकच कारण नसतं. कार्यालयात परवाने शोधले जातात ते परवाना क्रमांकावरून, परवानाधारकाच्या नावावरून किंवा मालमत्तेच्या पत्त्यावरून. ‘शेजारचा कारखाना’ अशी नोंद कोणत्याही नोंदवहीत नसते. त्यामुळे पत्र लिहिण्याआधी जागेची ओळख पक्की करायला हवी. गाळा क्रमांक, इंडस्ट्रियल इस्टेटचं नाव, रस्ता आणि सिटी सर्व्हे क्रमांक एवढं मिळवा. सिटी सर्व्हे क्रमांक मिळकत पत्रिकेवर असतो. आपल्या सोसायटीच्या क्रमांकावरून आणि नकाशावरून शेजारचा क्रमांक काढता येतो.

पत्रही साधं नको, माहिती अधिकाराचा अर्ज हवा. साध्या पत्राला मुदत नसते, या अर्जाला 30 दिवसांची असते. महाराष्ट्रात तो जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात करायचा, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा आणि ‘जन माहिती अधिकारी’ यांच्या नावे द्यायचा. अर्ज एकाच विषयावर असावा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत बसवावा. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण 30 दिवस तिथूनच मोजले जातात.

मजकुरात प्रश्न विचारण्यापेक्षा कागद मागावा. ‘परवाना कोणाला आणि का दिला?’ असं लिहिलं तर ‘का’ ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही, असं उत्तर येऊ शकतं. त्याऐवजी असं लिहा: ‘गाळा क्र. अमुक, सिटी सर्व्हे क्र. तमुक या जागेसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 390 व कलम 394 अन्वये दिलेल्या व सध्या लागू असलेल्या परवानग्या व परवाने, आणि मागील तीन वर्षांची नूतनीकरणे यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. अशी नोंद नसल्यास तसे लेखी कळवावे.’

दोन्ही कलमं लिहायची, कारण त्यांचे विषय वेगळे आहेत. यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना सुरू करण्याची परवानगी कलम 390 खाली येते, तर धोकादायक मालाचा साठा आणि उपद्रवी धंदे 394 खाली. एकाच कलमाचं नाव घेतलंत तर त्या खात्याकडून ‘नोंद नाही’ असं खरंखुरं उत्तर येईल आणि खरा परवाना दुसऱ्या खात्याच्या कपाटात राहील. दुसऱ्या शहरात राहत असाल तर कलमं बदलतील, कारण तिथे 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे.

‘ही त्रयस्थ पक्षाची माहिती आहे, देता येत नाही’ हे नेहमीचं उत्तर. ते मुकाट्याने स्वीकारू नका. कंपनीने गोपनीय म्हणून दिलेल्या माहितीबाबत अधिकाऱ्याने तिला नोटीस देऊन म्हणणं ऐकायचं असतं, पण निर्णय अधिकाऱ्याचाच असतो. कंपनीला नकाराचा हक्क नाही. शिवाय परवाने कोणाला दिले याचा तपशील प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करावा, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम 4च सांगतं. मग परवानाधारकाचं नाव गुपित कसं ठरतं? हाच मुद्दा पहिल्या अपिलात मांडा. उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत जोडपत्र ‘ब’ आणि 20 रुपयांच्या स्टँपसह ते करता येतं.

प्रत हाती आली की नाव नीट वाचा. नावापुढे ‘प्रा. लि.’ असेल तर ती कंपनी आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचा नोंदणीकृत पत्ता पाहता येतो. नुसतं ‘अमुक इंजिनिअरिंग वर्क्स’ असेल तर ते बहुतेक धंद्याचं नाव असतं; जबाबदार असतो त्यामागचा मालक किंवा भागीदार. गाळ्याचा मालक वेगळा आणि परवानाधारक भाडेकरू वेगळा, हेही सर्रास दिसतं. परवाना कोणत्या कामासाठी आहे तेही तपासा. कागदावर पॅकिंग लिहिलेलं असेल आणि प्रत्यक्षात भट्टी पेटत असेल, तर तक्रारीचा मुद्दा तोच.

दोन्ही कलमांखाली ‘नोंद आढळून येत नाही’ असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. तो कागद जपून ठेवा आणि त्याची प्रत जोडून विभागाच्या सहायक आयुक्तांकडे विनापरवाना कारखान्याची लेखी तक्रार करा. परवाना नाही असं महापालिकेनेच लिहून दिल्यावर तो आहे की नाही हे तपासण्यात वेळ काढायला कार्यालयाला जागा उरत नाही.