नंबर गेला, तरी खातं उघडतं

मोबाइल हरवला आणि नंबरही बंद झाला, तर गुगल खात्याचा पासवर्ड आठवत असूनही ओटीपीपाशी अडायला होतं. अशा वेळी बॅकअप कोड कामी येतात. खात्याच्या सुरक्षा विभागात आठ अंकी दहा कोड मिळतात. ते कागदावर उतरवून घरीच ठेवावेत. फोनमधला फोटो फोनबरोबरच जातो. लॉगिन करताना Try another way निवडून त्यातला एक कोड टाकायचा. वापरलेला कोड पुन्हा चालत नाही आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. आत शिरताच जुना नंबर काढून नवा नोंदवावा. कोडच नसतील, तर g.co/recover वर नेहमीच्या संगणकावरून, नेहमीच्या ठिकाणाहून प्रयत्न करावा. पडताळणीला काही दिवस लागू शकतात.