चिवट पोळी, कडक पोळी

बिघडलेली पोळी हातात घेऊन आधी तिचा तुकडा मोडून पाहावा. ती कापडासारखी ताणली जाऊन मग तुटली, तर ती चिवट आहे. कड कटकन मोडली किंवा पापुद्रा खरखरीत लागला, तर ती कडक आहे. दोन्ही पोळ्या खाणाऱ्याला सारख्याच नकोशा वाटतात, पण चिवटपणा बहुधा परातीत तयार होतो आणि कडकपणा बहुधा तव्यावर. एकावरचा उपाय दुसऱ्याला सहसा लागू पडत नाही. म्हणूनच पोळ्या बिघडल्या की कोणी तेल वाढवतं, कोणी दूध घालतं, कोणी पीठ बदलतं, आणि पोळी आहे तशीच राहते.

डब्याच्या पोळ्या करणाऱ्या एका मावशींच्या शेजारी सकाळभर बसून मी हे काम बघितलं आहे. कणीक मळून झाली की त्या तिच्यावर तेलाचा हात फिरवून ओलं फडकं टाकत आणि भाजीच्या तयारीला लागत. फडकं काढल्यावर गोळ्यात बोट दाबून बघत. खड्डा लगेच वर आला तर फडकं परत जागेवर. तो रेंगाळत, अर्धवट भरला तरच लाट्या करायला घेत. घड्याळाकडे त्या बघत नसत.

त्या बोटाला काय कळत होतं? गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून जाळी विणतात. हेच ग्लुटेन. मळताना ही जाळी ताणली जाते आणि मळणं थांबलं तरी काही काळ तशीच ताठ राहते. अशी ताजी कणीक लाटायला घेतली तर पोळी लाटण्याखालून सुटताच आक्रसते. मग लाटणारीचा हात जोर लावतो, पिठी जास्त लागते, तरी पोळी मध्ये जाड आणि कडेला पातळ होते. जाड भाग शिजेपर्यंत ती तव्यावर रेंगाळते, तेवढ्यात कडा सुकतात आणि वरची पिठी करपते. न मुरलेल्या कणकेची पोळी चिवट तर होतेच, पण अशा रीतीने कडकही होते. अर्धा तास झाकून ठेवलं की जाळी सैलावते आणि पोळी हलक्या हाताने पसरते.

मुरण्याचं दुसरं काम कोंड्याशी आहे. गिरणीतून दळून आणलेल्या पिठात कोंडा असतो आणि तो पाणी सावकाश पितो. मळून झाल्याबरोबर हाताला बरोबर वाटलेली कणीक अर्ध्या तासाने घट्ट लागते ती यामुळे. म्हणून मळताना ती हवी त्यापेक्षा थोडी सैल, बोटांना किंचित चिकटेल इतपत ठेवावी. सुरुवातीलाच घट्ट मळली तर कोंड्याला पुरेल एवढं पाणी त्यात नसतंच, आणि मग कितीही मुरवली तरी पोळी मऊ होत नाही. पाव किलो पिठाला साधारण 170 मिलिलिटर पाणी हा चांगला अंदाज आहे. पीठ जुनं, नवं, बारीक, जाड जसं असेल तसे दोन-तीन चमचे इकडे तिकडे.

आता पाण्याच्या उष्णतेकडे येऊ, कारण इथे गैरसमज जास्त आहेत. कोमट पाण्याने पोळी मऊ होते हे खरं, पण कोमट पाणी फक्त पीठ लवकर भिजवतं. थंडीच्या दिवसांत नळाचं पाणी, पीठ आणि स्टीलची परात सगळंच गार असतं, कणीक मुरायला वेळ लागतो, आणि सकाळच्या घाईत तो वेळ मिळत नाही. तिथे कोमट पाणी उपयोगी पडतं. मे महिन्यात त्याचा फारसा फरक जाणवत नाही.

कढत पाण्याचं काम मात्र वेगळं आहे. गव्हातला स्टार्च साधारण 60 अंशांच्या आसपास फुगून शिजू लागतो आणि शिजलेला स्टार्च बरंच जास्त पाणी धरतो. त्याच सुमारास ग्लुटेनची ताकदही थोडी कमी होते. पण हे 60 अंश कणकेचे हवेत, पातेल्यातल्या पाण्याचे नव्हे. पाव किलो पीठ 28 अंशांवर असेल आणि त्यात 170 मिलिलिटर पाणी 50 अंशांचं घातलं, तर कणीक जेमतेम 42 अंशांपर्यंत जाते. स्टार्च जसाचा तसा राहतो. 80 अंशांचं पाणी घातलं तर ती 60 च्या उंबरठ्यावर येते, आणि परात गार असेल तर त्याच्याही खाली. म्हणजे बोट बुडवता येईल अशा पाण्याने कणीक भिजवून आपण ‘गरम पाण्याने भिजवली’ म्हणतो, तेव्हा स्टार्च शिजलेला नसतो.

भाकरीला मात्र कढत पाणी लागतं ते नेमकं उलट्या गरजेपोटी. ज्वारीत जाळी विणणारं ग्लुटेन नाही, म्हणून थोडा स्टार्च शिजवून त्याच्या चिकटपणावर भाकरी थापावी लागते. भाकरीत जे पाणी पिठाला बांधतं, तेच पोळीत ग्लुटेनची पकड सैल करतं. सगळी कणीक उकळत्या पाण्याने भिजवली तर ही पकड फारच जाते. लाटी पोळपाटाला चिकटते, घडीचे पदर नीट सुटत नाहीत, पोळी मऊ असूनही गिचगिचीत लागते.

मधला मार्ग असा. पाव किलो पिठातलं एक तृतीयांश पीठ परातीच्या एका बाजूला घ्यावं. त्यावर गॅसवरून नुकतंच उतरवलेलं 70 मिलिलिटर पाणी ओतून चमच्याने कालवावं. ते निवलं की उरलेलं पीठ, मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं साधं पाणी घालून मळावं. एकूण पाणी नेहमीपेक्षा दोन-तीन चमचे जास्त लागेल, ते घालायला कचरू नये. मग अर्धा तास झाकून ठेवावं. या पोळ्या गरम असताना साध्या पोळ्यांपेक्षा फार वेगळ्या लागत नाहीत. फरक कळतो दुपारी एक वाजता डबा उघडल्यावर.

कारण पोळी गार होताना शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो, आणि तेव्हा कढत पाण्याच्या कणकेने धरलेलं जास्तीचं पाणी तिला मऊ ठेवतं. फ्रिजमध्ये स्टार्च आणखी वेगाने घट्ट होतो, म्हणून उरलेली पोळी फ्रिजपेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर बरी राहते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंतच. पोळी तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम केल्यावर मऊ झाली, तर दोष या स्टार्चचा होता. तरीही कडकच राहिली, तर ती पहिल्यांदा भाजतानाच सुकली होती. मंद आचेवर पोळी फुगायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तिच्यातलं पाणी वाफ होऊन जात राहतं. तवा आधी चांगला तापवून, मोठ्या आचेवर पटकन भाजलेली पोळी मऊ राहते.

मुरवण्यालाही मर्यादा आहे. उन्हाळ्यात कणीक चार-पाच तास बाहेर राहिली की काळपट पडते, ओघळते, आंबूस वास येतो. रात्री भिजवायची असेल तर झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि सकाळी लाट्या करण्याआधी अर्धा तास बाहेर काढावी. गार कणीक लगेच लाटली तर ती न मुरलेल्या कणकेसारखीच आक्रसते.

लगेच पानात वाढायचे फुलके असतील तर कढत पाण्याचा खटाटोप करू नका. साधं पाणी, सैल कणीक आणि अर्ध्या तासाची विश्रांती पुरते. डब्यासाठी मात्र एक तृतीयांश पीठ उकळत्या पाण्यात भिजवा. आणि वेळ एकाच गोष्टीला असेल, तर पाणी तापवत बसण्यापेक्षा कणीक मुरू द्या.