थंबनेलमधली कोरी भिंत

तांबड्या रश्श्याच्या व्हिडिओसाठी एआयकडून थंबनेल काढायचं, तर नुसतं ‘रस्सा पिणारी बाई’ लिहून भागत नाही. चेहरा निर्जीव येतो. मी असं लिहीन: ‘आडवं चित्र, १६:९. उजवीकडे पन्नाशीची बाई. पहिल्या घोटानं भुवया उंचावलेल्या, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. हनुवटीपाशी लालभडक रश्श्याची वाटी. मागे गडद निळी, कोरी भिंत. डावा अर्धा भाग रिकामा.’

निळ्यावर लाल उठून दिसतो. अक्षरं मात्र चित्रातच मागू नयेत. जोडाक्षरं बरेचदा मोडतात. ती नंतर स्वतः डावीकडे बसवावीत. खालच्या उजव्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं, म्हणून तिथे महत्त्वाचं काही नको. चित्र अंगठ्याएवढं करून बघा. वाटी ओळखू येत नसेल, तर मोठी मागा.