माजघरापुरतं रॉ

एका लघुपटाचं चित्रीकरण वाड्यात करायचंय. १५ मिनिटांच्या फिल्मसाठी तीन तासांचं फुटेज जमेल. कॅमेऱ्यात रॉही आहे आणि नेहमीचा कॉम्प्रेस्ड फॉरमॅटही. निवडायचं काय?

आधी हिशेब करू. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात. रॉमध्ये प्रत्येक बिंदूवर पडलेल्या प्रकाशाची नोंद जशीच्या तशी, १२ बिटमध्ये ठेवली, तर एका फ्रेमला साधारण साडेबारा एमबी लागतात. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे ३०० एमबी, तासाला एक टीबीहून जास्त. त्यामुळे अनेक छोटे कॅमेरे रॉसुद्धा आवळून ठेवतात. एक पंचमांशावर आणलं, तरी तासाला सुमारे २१५ जीबी होतात. १०० मेगाबिटच्या एच.२६४ फाइलला मात्र तासाला ४५ जीबी पुरतात.

आता माजघरातला प्रसंग घ्या. दारातून ऊन येतंय, कोपऱ्यात पिवळा बल्ब आहे आणि भिंतीला टेकून आजी बसलीय. एडिटिंगच्या वेळी तिचा चेहरा उजळायचाय. आठ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात आणि सावलीच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात. उजेड वाढवला की मागच्या भिंतीवर पट्टे आणि चौकोन दिसू लागतात. १२ बिटमध्ये पायऱ्या ४०९६ असल्यानं भिंत सलग राहते. बल्बचा पिवळेपणा किती ठेवायचा, हेही नंतर ठरवता येतं, कारण रॉमध्ये व्हाइट बॅलन्स चित्रात पक्का झालेला नसतो.

पण दारातलं ऊन पांढरंफटक होऊन गेलं असेल, तर रॉमध्येही तिथे काही सापडणार नाही. एक्स्पोजर जागेवरच सांभाळावं लागतं.

म्हणून आदल्या दिवशी त्याच उजेडात दोन्ही फॉरमॅटमध्ये दहा-दहा सेकंद चित्रित करा. संगणकावर दोन्हींतला चेहरा सारखाच उजळा आणि पूर्ण आकारात भिंत बघा. फरक दिसला नाही, तर रॉची गरज नाही. कॅमेऱ्यात १० बिट लॉग असेल, तर तेही तपासा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

समजा, फरक फक्त माजघरातच दिसला. मग तिथली ४० मिनिटं रॉमध्ये घ्या आणि अंगणातले, दिवसाउजेडीचे बाकीचे प्रसंग कॉम्प्रेस्डमध्ये. एकूण सुमारे २५० जीबी होतात. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवली, तरी ५०० जीबी. सगळंच रॉमध्ये घेतलं असतं, तर दोन प्रतींना जवळपास १.३ टीबी लागले असते.

शेवटी कार्ड पाहा. त्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुतेक वेळा वाचण्याचा असतो. इथे सेकंदाला ६० एमबी सलग लिहिता आले पाहिजेत. नाहीतर मधल्या फ्रेम गळतात आणि आजीचं बोलणं मध्येच तुटतं.