सांडलेल्या पाण्याची प्रतिष्ठा

फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ सालच्या ‘ड्यून’ या कादंबरीतला अराकिस हा ग्रह म्हणजे सगळे वाळवंटच. पाऊस पडत नाही, हवेतला ओलावा यंत्रांनी पकडून पाणी मिळवावे लागते. अशा जगात कोण वरचा आणि कोण खालचा, हे सांगायला लेखकाला सोन्या-चांदीची गरज पडत नाही.

राजधानीतल्या ड्यूकच्या वाड्यासमोर खजुराची वीस झाडे आहेत. एका झाडाला रोज चाळीस लिटर पाणी लागते आणि एका माणसाला आठ. म्हणजे एक झाड पाच माणसांचे पाणी पिते, वीस झाडे शंभर माणसांचे. रस्त्याने जाणारे लोक त्या झाडांकडे कधी आसुसून, तर कधी द्वेषाने पाहतात. त्यांना हा हिशेब कुणी समजावून सांगावा लागत नाही.

याहून बोचरी आहे ती मेजवानीची रीत. भोजनगृहाच्या दाराशी दोन्ही बाजूंना रंगीत फरशांची मोठी कुंडे असतात. आत येणारा पाहुणा त्यात हात बुडवतो, चार-दोन पेले पाणी मुद्दाम जमिनीवर सांडतो, टॉवेलला हात पुसतो आणि तो टॉवेल खालच्या थारोळ्यात फेकून देतो. जेवणे आटोपली की बाहेर भिकारी जमतात, त्या टॉवेलांचे पिळलेले पाणी मिळवायला. नवा ड्यूक लेटो ही प्रथा बंद करतो आणि जेवण चालू असेपर्यंत दारी येईल त्याला पेलाभर पाणी द्यायला सांगतो. हुकूम ऐकून घर सांभाळणाऱ्या बाईचा चेहरा उतरतो. ते घाण पाणी विकून चार पैसे मिळतील, असा तिचा बेत असावा, हे ड्यूकच्या ध्यानात येते. वरच्यांच्या उधळपट्टीवर खालच्यांचीही एक उतरंड कशी उभी राहते, हे हर्बर्ट यांनी या एका चेहऱ्यातून दाखवले आहे, आणि कादंबरीतले हे निरीक्षण फार खोल आहे.

वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन लोकांचे वागणे नेमके उलटे. घाम आणि श्वासातला ओलावा गाळून पुन्हा पिण्याजोगा करणारा पोशाख ते अंगावर वागवतात. त्यांचा नायक स्टिलगार ड्यूकसमोर थुंकतो तेव्हा दरबारी खवळतात. पण त्याने अंगातले पाणी देऊन मान दिलेला असतो. माणूस मेला की त्याच्या देहातले पाणी काढून टोळीकडे जमा होते. जेमिस या योद्ध्याचे पाणी भरते सुमारे तेहतीस लिटर. द्वंद्वात त्याला मारणाऱ्या पॉलला त्या मापाची धातूची कडी मिळतात, म्हणजे इथेही जिंकणाऱ्याचे पारडे जड होतेच. पाणी मात्र डोंगराच्या पोटातल्या सामाईक हौदात जाते. कधीतरी सगळा ग्रह हिरवा करण्यासाठी ते राखलेले आहे, आणि टोळीतला तहानलेला माणूसही त्याला हात लावत नाही.