टाइमआउटनंतरची दुसरी ऑर्डर

ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम दुसऱ्या संगणकाकडे ऑर्डर पाठवतो आणि ठरावीक सेकंदांत उत्तर आले नाही, तर वाट पाहणे सोडून देतो. यालाच टाइमआउट म्हणतात. टाइमआउट झाला याचा अर्थ ऑर्डर गेली नाही असा होत नाही. ती वाटेतच हरवली असेल, पोहोचून नोंदली गेली असेल आणि फक्त उत्तर हरवले असेल, किंवा समोरचा सर्व्हर अजून तिच्यावर काम करत असेल. पाठवणाऱ्याला या तिन्ही शक्यता अगदी सारख्याच दिसतात. वेळ वाढवून हा संभ्रम कमी करता येतो, संपवता येत नाही. भरवसा नसलेल्या वाटेवरून निरोप देणाऱ्या दोघांना समोरच्याला काय कळले याची पूर्ण खात्री कधीच मिळू शकत नाही, हे 1975 मध्ये सिद्ध झाले आहे. जिम ग्रे यांनी 1978 मध्ये या कोड्याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ हे नाव दिले.

मग प्रोग्राम एकच करू शकतो: पुन्हा पाठवणे. न पाठवावे तर माल येणार नाही, पाठवावे तर कदाचित दुप्पट येईल. या पेचातून सुटायचे, तर पुन्हा पाठवलेली ऑर्डर ‘नवी’ नसून ‘तीच’ आहे हे समोरच्याला ओळखता आले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरला पाठवणाऱ्यानेच एक ओळखक्रमांक द्यायचा असतो. तोच क्रमांक कितीही वेळा आला तरी ऑर्डर एकदाच धरायची, हा नियम घेणाऱ्याने पाळायचा. एकच कृती अनेकदा करूनही परिणाम एकदाच होणे, या गुणाला संगणकाच्या परिभाषेत आयडेम्पोटन्स म्हणतात. चेकचे उदाहरण जवळचे आहे: एकाच क्रमांकाचा चेक दोनदा भरला, तरी खात्यातून पैसे एकदाच जायला हवेत.

कल्पना इतकी सोपी असूनही चुका होतात, आणि त्या बहुतेक वेळा क्रमांक कसा बनवला यात असतात. एक कल्पित प्रसंग बारकाईने पाहू.

सांगलीतल्या एका मेडिकल दुकानाचा संगणक रोज रात्री 11 वाजून 50 मिनिटांनी साठा तपासतो आणि कमी पडलेल्या औषधांची ऑर्डर स्टॉकिस्टच्या सर्व्हरकडे पाठवतो. 14 मार्चच्या रात्री इन्सुलिनच्या 20 व्हायल हव्या आहेत. प्रोग्राम 10 सेकंद थांबतो. स्टॉकिस्टच्या सर्व्हरवर त्या वेळी बॅकअप चालू असल्याने ऑर्डर नोंदायला 13 सेकंद लागतात. म्हणजे दुकानाने दहाव्या सेकंदाला आशा सोडली आणि तेराव्या सेकंदाला ऑर्डर पक्की झाली. दुकानाचा प्रोग्राम दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो. तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. सकाळी 40 व्हायल येतात. इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. दुकानाच्या फ्रिजमध्ये तेवढी जागा असेलच असे नाही, आणि थंड साखळीतून एकदा बाहेर पडलेला माल परत घेताना स्टॉकिस्ट का-कू करतो, ते रास्तच आहे.

आता क्रमांक देऊन पाहू. प्रोग्राम पाठवण्याच्या क्षणी यादृच्छिक क्रमांक बनवत असेल, तर दुसऱ्या प्रयत्नाला वेगळा क्रमांक मिळेल आणि सर्व्हरला दोन वेगळ्या ऑर्डर दिसतील. ही सर्वांत सामान्य चूक आहे. प्रोग्राम पाहिला तर क्रमांक आहे, रोज पाठवलाही जातो, पण त्याचा उपयोग शून्य. सेकंदांपर्यंतची वेळ घालून बनवलेल्या क्रमांकाचीही हीच गत.

ऑर्डरच्या मजकुरावरून क्रमांक काढावा, म्हणजे दुकान, औषध आणि नग एकत्र करून, असे कुणाला सुचेल. पण त्या दहा मिनिटांत उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाने एक व्हायल नेली तर गरज 21 होते, क्रमांक बदलतो आणि दोन ऑर्डर होतात. उलट बाजूने, पुढच्या आठवड्यात पुन्हा नेमक्या 20 व्हायल लागल्या, तर ती खरी नवी ऑर्डर जुनी समजून गिळली जाईल. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट आहे, कारण जास्त आलेला माल डोळ्यांना दिसतो. न आलेल्या मालाचा पत्ता मधुमेहाचा रुग्ण काउंटरवर उभा राहिल्यावर लागतो.

आजची तारीख घालावी, तर मध्यरात्र आड येते: पहिला प्रयत्न 14 तारखेचा, दुसरा 15 चा. हा दोष चाचणीत सहसा सापडत नाही, कारण चाचण्या दिवसा होतात. प्रोग्राम एकदा भारतीय वेळेवरच्या आणि एकदा जागतिक वेळेवरच्या संगणकावर चालला तरी असेच होते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने रात्री साडेबाराला त्या दुसऱ्या संगणकाचे घड्याळ आदल्या दिवसाची संध्याकाळ दाखवत असते.

यातून बरोबर उत्तर आपोआप पुढे येते. क्रमांक प्रयत्नावरून बनवायचा नाही, हेतूवरून बनवायचा. हेतू काय आहे? ‘सांगलीच्या दुकानाची, 14 मार्चच्या 11:50 च्या ठरलेल्या फेरीतली, इन्सुलिनची ऑर्डर’. घड्याळात आत्ता काय वाजले हे महत्त्वाचे नाही. फेरी कोणत्या वेळेची म्हणून ठरली होती, ती वेळ धरायची.

```
SGL07-20250314-2350-INSULIN40
```

वेळापत्रक चालवणारी चांगली साधने ही ठरलेली वेळ प्रोग्रामच्या हाती देतात. एअरफ्लोमध्ये तिला `logical_date` म्हणतात. कुबरनेटिससारख्या प्रणालीत एकाच फेरीसाठी क्वचित दोन कामे सुरू होऊ शकतात, आणि म्हणून काम आयडेम्पोटंट असावे असे तिच्या दस्तऐवजातच बजावले आहे. हेतूवरून बनलेला क्रमांक असला की दोन्ही कामे तोच क्रमांक घेऊन जातात.

तरीही नगांचा प्रश्न उरतो. क्रमांक तोच, पण पहिल्या प्रयत्नात 20 आणि दुसऱ्यात 21, तर सर्व्हरने काय करावे? ही वेळच येऊ न देणे उत्तम. साठा एकदाच मोजावा, क्रमांक आणि नग दुकानाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ‘पाठवायची बाकी’ म्हणून आधी लिहावेत आणि मगच पाठवावे. पुढचा प्रत्येक प्रयत्न साठा पुन्हा मोजणार नाही. ती लिहिलेली ओळच उचलेल. एकविसावी व्हायल उद्याच्या फेरीत येईल. या क्रमाचा मोठा फायदा वीज गेल्यावर कळतो. लिहिण्यापूर्वी वीज गेली तर काहीच गेलेले नाही. लिहून झाल्यावर पण पाठवण्यापूर्वी गेली, तर बाकी ओळ शाबूत आहे. पाठवल्यानंतर उत्तर येण्यापूर्वी गेली, तर तीच ओळ त्याच क्रमांकाने पुन्हा जाईल आणि काही बिघडणार नाही. ज्याला बिनधोक म्हणावे असा हाच क्रम.

दुसरा निम्मा भाग स्टॉकिस्टच्या सर्व्हरचा. तिथे सहज सुचणारी पद्धत अशी: क्रमांक आधीच आहे का ते पाहा, नसेल तर नोंदवा. पाहणे आणि नोंदवणे यांत काही मिलिसेकंदांची फट असते. दोन विनंत्या जवळजवळ एकाच वेळी आल्या, तर दोघींनाही ‘नाही’ असेच दिसते आणि दोन्ही नोंदल्या जातात. वरच्या प्रसंगात पहिली विनंती 13 सेकंद रेंगाळली होती. दुसरी पाच सेकंदांनी आली असती, तर नेमके हेच झाले असते. म्हणून पहारा प्रोग्रामवर न सोडता डेटाबेसवर सोपवावा. दुकान आणि क्रमांक या जोडीवर एकमेवतेचे बंधन घातले की दुसरी नोंद डेटाबेसच अडवतो. पोस्टग्रेसमध्ये 9.5 या आवृत्तीपासून हे असे लिहिता येते:

```sql
INSERT INTO orders (shop_id, client_order_id, item, qty)
VALUES ('SGL07', 'SGL07-20250314-2350-INSULIN40',
        'INSULIN40', 20)
ON CONFLICT (shop_id, client_order_id) DO NOTHING
RETURNING order_no;
```

पहिली विनंती अजून अर्धवट असेल, तर दुसरी तिथेच थांबते. पहिली पूर्ण झाली की दुसरी काही न लिहिता परत फिरते. पहिली रद्द झाली तर दुसरी तिची जागा घेते. ओळ आधीच असेल तेव्हा शेवटच्या ओळीतून क्रमांक मिळत नाही, म्हणून सर्व्हरने जुनी नोंद वाचून तिचाच ऑर्डर नंबर उत्तरात द्यायचा. ‘ही ऑर्डर आधीच आली आहे’ एवढी चूक कळवून थांबणाराही सर्व्हर असतो. त्याच्याशी बोलताना दुकानाच्या प्रोग्रामने ती चूक अपयश न मानता यशाची खूण मानावी आणि आपल्या क्रमांकाने नोंद शोधून नंबर मिळवावा. तोच क्रमांक वेगळ्या नगांसह आला, तर मात्र सर्व्हरने स्पष्ट नकार द्यावा. ऑनलाइन पैसे स्वीकारणारी स्ट्राइप कंपनी आपल्या `Idempotency-Key` बाबत असेच करते.

नोंद एकच असूनही माल दोनदा निघू शकतो, हे विसरले जाते. गोदामाला जाणारा निरोप विनंती आली की लगेच सुटत असेल, तर दोन विनंत्यांचे दोन निरोप जातील. निरोप ऑर्डरच्या नोंदीवरूनच सुटला पाहिजे, आणि त्यावर ऑर्डर नंबर पाहिजे, म्हणजे गोदामातही तोच नियम लागू करता येतो.

क्रमांक किती दिवस लक्षात ठेवायचा, हाही करारच असतो. स्ट्राइपच्या मूळ एपीआयमध्ये निदान 24 तासांनंतर तो पुसला जाऊ शकतो. शुक्रवारी रात्री अडकलेली ऑर्डर सोमवारी सकाळी पुन्हा पाठवली, तर अशा सर्व्हरला ती नवी वाटेल. त्यामुळे पुन्हा प्रयत्न करण्याची मुदत स्मरणाच्या मुदतीपेक्षा बरीच कमी ठेवावी लागते. ती उलटली की माणसाने फोन करून खात्री करावी. ऑर्डरच्या कायमच्या नोंदीतच क्रमांक ठेवणाऱ्या सर्व्हरला ही अडचण येत नाही.

सर्व्हर असा क्रमांक घेतच नसेल, तर पाठवणाऱ्याच्या हाती थोडेच उरते. काही ठिकाणी शेरा लिहायची जागा असते. तिथे क्रमांक घालून पुन्हा पाठवण्यापूर्वी यादीत शोधता येतो. सापडला तर ऑर्डर पोहोचली हे नक्की. सापडला नाही, तर पोहोचली नाही असे म्हणता येत नाही, कारण ती त्या तेरा सेकंदांत अडकलेली असू शकते. काही मिनिटे थांबून शोधल्यास धोका घटतो, पण शेऱ्याने दुसरी ऑर्डर अडत नाही.

व्यवस्था खरोखर चालते का, हे मुद्दाम बिघाड घडवूनच कळते. चाचणीच्या सर्व्हरला ऑर्डर नोंदवायला लावायचे आणि उत्तर देण्यापूर्वी जोडणी तोडायची. हे रात्री 11:55 ला घडवायचे आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा पाठवू द्यायचे. नंतर नोंदी मोजायच्या: एका क्रमांकाची एकच ओळ हवी, आणि दुकानाकडचा ऑर्डर नंबर तोच हवा. रोजच्या कामकाजात एक साधी तपासणी पुरते. एकाच दुकानाच्या, एकाच औषधाच्या, एका तासाच्या आत आलेल्या पण वेगळ्या क्रमांकांच्या ऑर्डर शोधाव्यात. अशा जोड्या दिसू लागल्या, तर क्रमांक पुन्हा प्रयत्नावरून बनू लागला आहे, असे धरून तो बनवणारी ओळ आधी उघडून पाहावी.