बाथरूमचं बोलणं कागदावर उतरवताना

घराच्या दुरुस्तीचं बोलणं सरळ रेषेत चालत नाही. नळाचा विषय निघतो, तिथून गळतीवर जातो, मग टाइल्सच्या रंगावर. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला सांगून रेकॉर्डिंग केलं, तरी त्यातून टिपण काढताना बोलण्याचा क्रम सोडून द्यावा लागतो. काम, साहित्य, खर्च आणि वेळ असे चार भाग करायचे आणि प्रत्येक वाक्य त्याच्या जागी न्यायचं. शेजारी रेकॉर्डिंगमधलं मिनिट लिहिलं की पुढे वाद झाला तर ते वाक्य लगेच सापडतं.

समजा, सात बाय पाच फुटांचं बाथरूम आहे. पाचव्या मिनिटाला कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘‘ताई, सगळं मिळून एक लाख दहा हजार.’’ तिसाव्या मिनिटाला सहज बोलून जातो, ‘‘टाइल्स आणि नळ तुम्ही आणून द्याल ना?’’ ताई म्हणतात, ‘‘बघू.’’ इथे घाईने लिहिणारा ‘एकूण खर्च १,१०,०००’ असं लिहून मोकळा होतो. खरं तर त्या ‘सगळं’मध्ये टाइल्स आहेत की नाहीत, हे ठरलेलंच नाही. टिपणात दोन्ही वाक्यं ठेवायची आणि पुढे ‘ठरायचं आहे’ असं लिहायचं. अंदाजाने ती जागा भरायची नाही.

हा फरक किती मोठा, ते मापावरून कळतं. जमीन ३५ चौरस फूट. भिंतींचा घेर २४ फूट, टाइल्स सात फूट उंचीपर्यंत, म्हणजे १६८. दाराचे साधारण १७ वजा केले की जमीन धरून १८६ उरतात, आणि तुटफुटीचे दहा टक्के धरले तर सुमारे २०५ चौरस फूट टाइल्स लागतात. ६५ रुपये फुटाची टाइल घेतली तरी तेरा हजारांच्या वर जातात, नळ वेगळेच. राबिट खाली उतरवून नेण्याचा खर्च कुणाकडे, हे तर संभाषणात बहुधा येतच नाही. तेही टिपणात ‘बोलणं झालं नाही’ म्हणून यायला हवं.

वेळेचंही तसंच. ‘‘दहा दिवसांत देतो’’ हे वाक्य जसंच्या तसं लिहा, पण त्याखाली त्यानेच सांगितलेले टप्पे मांडा: तोडफोड दोन दिवस, पाइप दोन, वॉटरप्रूफिंगचे दोन कोट दोन, पाणी भरून गळती तपासायला दोन, टाइल्स चार, ग्राउट आणि फिटिंग दोन. बेरीज चौदा, आणि सोसायटीत रविवारी काम बंद. दिवस वाचवायला सहसा पाणी भरून पाहण्याचे दोन दिवसच कापले जातात. मग खालच्या घराच्या छताला ओल आली की नव्या टाइल्स पुन्हा फोडाव्या लागतात. म्हणून ही तपासणी वेळापत्रकात स्वतंत्र ओळीत लिहावी.

टिपण झालं की ते कॉन्ट्रॅक्टरला पाठवायचं. ‘ठरायचं आहे’च्या प्रत्येक ओळीवर त्याचं लेखी उत्तर आल्यावरच आगाऊ रक्कम द्यायची.